इन्सुलिन सुरू झालेला पेशंट घरी जातो, तेव्हा सिस्टर त्याला काय शिकवून पाठवते?

डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डात काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. नातेवाईक बिलाच्या खिडकीपाशी, गाडीवाला खाली हॉर्न वाजवतोय आणि पेशंटने कधीच साडी बदललेली. अशा वेळी सिस्टरने हातात कागद देऊन ‘सकाळी अठरा, रात्री दहा, जेवणाआधी घ्या, कळलं ना?’ असं विचारलं, तर उत्तर एकच येतं, ‘हो.’ पुढच्या आठवड्यात हाच पेशंट घामाघूम, बरळत कॅज्युअल्टीत परत येतो, नाहीतर साखर चारशेच्या वर घेऊन येतो. म्हणून घरी पाठवताना द्यायच्या शिक्षणाची योजना इन्सुलिन सुरू झालं त्या दिवसापासून आखायची असते. शेवटच्या दिवसासाठी फक्त तपासणी उरली पाहिजे.

एक उदाहरण धरून चालू. पेशंट काल्पनिक आहे, पण सोलापूर भागातल्या कुठल्याही सरकारी वॉर्डात भेटेल अशी. वय ५६, घरची थोडी शेती, दहा वर्षांपासून गोळ्यांवर असलेला मधुमेह. पायाला जखम होऊन चिघळली म्हणून भरती झाल्या, तेव्हा साखर ४२० होती. सुरुवातीचे दिवस वेगळ्या पद्धतीने इन्सुलिन देऊन साखर आटोक्यात आणली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घरी चालू ठेवायचं इन्सुलिन ठरवलं. ते ३०/७० मिक्स, सकाळी नाश्त्याआधी १८ युनिट आणि रात्री जेवणाआधी १० युनिट. सहाव्या दिवशी सुट्टी. म्हणजे सिस्टरच्या हातात साडेतीन दिवस आहेत. हे आकडे या मावशींचे आहेत. दुसऱ्याचा डोस त्याच्या डॉक्टरांनी लिहिलेलाच.

योजनेचं पहिलं पान माहितीचं नसतं, प्रश्नांचं असतं. सुई कोण टोचणार? मावशी स्वतः, की सून? दोघींनाही शिकवायचं, कारण एकजण आजारी पडली किंवा माहेरी गेली तर दुसरी हवी. वाचता येतं का? मावशींना आकडे ओळखता येतात, मजकूर नाही. दिसतं का? लांबचं ठीक, जवळचं धूसर. घरात फ्रीज आहे का? नाही, आणि लाइट दुपारी जाते. जेवणाच्या वेळा? सकाळी आठला भाकरी खाऊन नऊला रानात, दुपारचं जेवण कधी एकला, कधी तीनला, ‘काम झालं की’. उपवास? एकादशी आणि संकष्टी. बीपीची गोळी? चालू आहे, अटेनोलॉल. यातली प्रत्येक गोष्ट पुढे कुठेतरी आडवी येणार आहे, म्हणून छापील तक्त्यातली शिकवण जशीच्या तशी चालत नाही.

मग उद्दिष्टं. ‘पेशंटला इन्सुलिनविषयी ज्ञान होईल’ हे वाक्य नर्सिंगच्या वहीत छान दिसतं, पण ते तपासता येत नाही. तपासता येईल असं लिहायचं. मावशी स्वतः १८ युनिट बरोबर ओढून पोटावर टोचतील. साखर उतरल्याची लक्षणं सांगतील आणि काय करायचं ते करून दाखवतील. नवी बाटली विकत घेताना कोणत्या तीन गोष्टी बघायच्या ते सांगतील. कधी फोन करायचा ते सांगतील. एवढी चारच. पायाची काळजी, खाण्यातले बदल, वजन हे सगळं महत्त्वाचं असलं तरी पहिल्या फेरतपासणीला शिकवता येतं. भरतीच्या काळात थकलेल्या माणसाच्या डोक्यात वीस गोष्टी घातल्या, की त्यातल्या नेमक्या जीव वाचवणाऱ्या दोन निसटतात.

आता सगळ्यात मोठ्या चुकीकडे वळू. भारतात बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिट या ताकदीचं असतं. पेनच्या काडतुसातलं असतं १०० युनिटचं. काही इन्सुलिनच्या बाटल्याही १०० च्या मिळतात. सिरिंजही दोन प्रकारच्या. लाल टोपीची ४० च्या इन्सुलिनसाठी, नारिंगी टोपीची १०० च्या इन्सुलिनसाठी. दोन्ही दिसायला भावंडं, दोन्ही मेडिकलच्या एकाच खणात.

हिशोब करून बघा. मावशींची बाटली ४० ची आहे आणि दुकानदाराने नारिंगी टोपीची सिरिंज दिली. त्यांनी १८ च्या रेघेपर्यंत ओढलं. १०० च्या सिरिंजवर १८ ची रेघ म्हणजे ०.१८ मिलिलिटर. त्यात ४० च्या हिशोबाने सात युनिटच्या आसपास इन्सुलिन गेलं. साखर चढत राहील आणि घरचे म्हणतील, इन्सुलिन लागू पडत नाही. उलटी चूक फार वाईट. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १८ पर्यंत ओढलं, तर ०.४५ मिलिलिटर, म्हणजे ४५ युनिट. अडीच पट डोस. रानात, भर दुपारी.

म्हणून सिस्टर आकड्यांचं गणित मावशींना शिकवत नाही. ती नियम शिकवते. आपली बाटली ४० ची, आपली टोपी लाल. रिकामा खोका आणि वापरलेल्या सिरिंजची लाल टोपी एका पिशवीत घालून ठेवायची आणि मेडिकलमध्ये तीच दाखवायची. खोक्यावर तीन गोष्टी ताडून बघायच्या: नाव तेच, ३०/७० तेच, ४० तेच. सुनेला वाचता येतं, म्हणून एक्स्पायरीची तारीख तिच्याकडे. ‘हे नाही, पण दुसरं त्याच्यासारखंच आहे’ असं दुकानदार म्हणाला तर न घेता फोन करायचा. बाटलीत १० मिलिलिटर, म्हणजे ४०० युनिट असतात. मावशींना रोजचे २८ लागतात, तर बाटली बरोबर दोन आठवडे जाते. बाराव्या दिवशी नवी आणायची, हे सुनेच्या फोनमध्ये गजर लावून टाकलं. महिना झाला तरी बाटली संपली नसेल, तर डोस चुकतोय किंवा रेघ चुकतेय, हे फेरतपासणीला सिस्टरला लगेच कळतं.

कागदावर लिहितानाही एक पथ्य आहे. आकड्यापुढे ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा. इंग्रजी अक्षराने लघुरूप केलं की ते घाईच्या अक्षरात शून्यासारखं दिसतं आणि दहाचे शंभर होतात. मावशींच्या कागदावर सूर्य काढून त्यापुढे १८ युनिट आणि चंद्र काढून त्यापुढे १० युनिट लिहिलं. शेजारी खरी लाल टोपी सेलोटेपने चिकटवली.

टोचायचं कसं, हा भाग बोलून शिकवायचा नसतो. पहिल्या दिवशी सिस्टर करते, दोघी बघतात. दुसऱ्या दिवशी मावशी सलाइनच्या पाण्यावर ओढायचा सराव करतात. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी स्वतः टोचतात, रात्री सून. चौथ्या दिवशी, म्हणजे घरी जायच्या सकाळी, सिस्टर हात मागे बांधून उभी राहते.

३०/७० हे दुधाळ इन्सुलिन. तळाशी बसलेला भाग नीट मिसळला नाही, तर एका दिवशी पातळ आणि दुसऱ्या दिवशी दाट डोस जातो. बाटली दोन तळहातांमध्ये दहा वेळा सावकाश फिरवायची, मग दहा वेळा उलटसुलट करायची. हलवून फेस काढायचा नाही. सगळं एकसारखं पांढरं दिसलं पाहिजे. मिसळूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला कण चिकटले, तर बाटली बाद. मग रबर पुसून, जेवढं इन्सुलिन घ्यायचं तेवढी हवा आत सोडायची, बाटली उलटी धरायची आणि ओढायचं. मावशींनी पहिल्यांदा ओढलं तेव्हा दट्ट्या बरोबर १८ वर होता, पण आत मोठा बुडबुडा होता. बुडबुडा शरीरात गेला म्हणून काही होत नाही; त्याच्या जागेचं इन्सुलिन मात्र कमी जातं. सिस्टरने सिरिंजला टिचकी मारून बुडबुडा वर आणला, परत बाटलीत ढकलला आणि पुन्हा १८ वर आणायला लावलं.

जागा पोटाची. बेंबीभोवती दोन बोटं सोडायची, चिमटीत कातडी धरायची, सुई सरळ आत, दट्ट्या सावकाश पूर्ण दाबायचा, थोडं थांबून सुई काढायची. चोळायचं नाही. मांडीवर का नको? मावशी टोचून तासाभरात रानात जाणार. पायांचं काम सुरू झालं की मांडीत टोचलेलं इन्सुलिन लवकर रक्तात उतरतं आणि अंदाज चुकतो. रोज एकाच ठिकाणी टोचायचं नाही, मागच्या जागेपासून बोटभर सरकायचं. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे मऊ गाठ येते. तिथे दुखत नाही, म्हणून माणसं मुद्दाम तिथेच टोचतात. पण गाठीतून इन्सुलिन कधी उतरतं, कधी उतरत नाही.

वापरलेली सुई कचऱ्यात टाकायची नाही. जाड प्लास्टिकच्या, झाकण फिरवून लागणाऱ्या बाटलीत टाकायची. बाटली तीन चतुर्थांश भरली की प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यायची.

फ्रीज नसल्याची गोष्ट पुष्कळांना मोठी अडचण वाटते, ती तेवढी नाही. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते. अट अशी की तापमान २५ ते ३० अंशांच्या वर जाऊ नये. सोलापूरच्या एप्रिलमध्ये ती अट मोडते. तेव्हा बाटली प्लास्टिकच्या घट्ट डबीत घालून पाण्याच्या माठाजवळ, सावलीत, ओल्या फडक्यात ठेवायची. किंवा मोठ्या मातीच्या कुंड्यात ओली वाळू घालून त्यात छोटं मडकं बसवायचं आणि त्यात ती डबी. पत्र्याखाली, चुलीजवळ, गाडीच्या डिकीत नाही. शेजारणीच्या फ्रीजमध्ये ठेवायची झालीच तर बर्फाच्या खणात नको. गोठलेलं इन्सुलिन वितळून पुन्हा नेहमीसारखं दिसलं तरी ते फेकायचं.

आता वेळेचा धागा, कारण साखर उतरण्याचं मूळ तिथे आहे. या मिश्रणात तीस टक्के इन्सुलिन लवकर काम करणारं असतं. टोचल्यापासून साधारण अर्ध्या तासात ते सुरू होतं, म्हणून टोचून अर्ध्या तासाने जेवायचं. उरलेलं सत्तर टक्के सावकाश चढतं आणि चार ते दहा तासांच्या मध्ये कधीतरी जोरात असतं. सकाळी आठला टोचलेल्या १८ युनिटचा मोठा वाटा दुपारी बारापासून संध्याकाळपर्यंत काम करतो. त्याच वेळी मावशी रानात वाकून खुरपत असतात आणि जेवण तीनवर ढकललेलं असतं. रात्री आठच्या १० युनिटचा जोर मध्यरात्रीनंतर. म्हणजे धोक्याच्या वेळा दोन: दुपारचं जेवण लांबलं तर, आणि पहाटे.

इथे सिस्टरला योजनेत बदल करावा लागला. ‘वेळेवर जेवा’ हे सांगून मावशी जेवणार नव्हत्या. सुनेशी बोलून ठरलं की दुपारचा डबा एक वाजता बांधावर पोचेल, काम झालेलं असो वा नसो. कमरेच्या पिशवीत साखरेची पुडी कायम. आणि उपवासाचं आधीच विचारून घेतलं, कारण मावशींचा प्रश्न असा होता, ‘सिस्टर, एकादशीला सुई नाही ना घ्यायची? पोटात काही नसतं.’ सिस्टरने खोदून विचारलं तेव्हा कळलं, पोटात साबुदाण्याची खिचडी असते, वरई असते, बटाटा असतो. साखर वाढवायला हे भाकरीइतकंच सक्षम आहे. डॉक्टरांकडून त्याच दिवशी उत्तर आलं. फराळ नेहमीच्या जेवणाच्या वेळेला, नेहमीएवढा होणार असेल तर सुई चालू. निर्जळ उपवास नाही. आणि सुई घेऊन काहीच न खाणं, हे कोणत्याही वारी नाही.

साखर उतरली हे ओळखायचं कसं? हातपाय थरथरणं, घाम, अचानक कडकडून भूक, छातीत धडधड, चिडचिड, डोकं बधिर होणं. रात्री असेल तर उशी भिजलेली, वाईट स्वप्नं, सकाळी डोकं जड. मावशींची अटेनोलॉलची गोळी थरथर आणि धडधड झाकून टाकते. घाम मात्र झाकला जात नाही. म्हणून त्यांच्या कागदावर ‘विनाकारण घाम’ ही खूण सर्वांत वर घेतली.

मग करायचं काय? ७० च्या खाली साखर म्हणजे उतरलेली. यंत्र हाताशी नसेल तर शोधत बसायचं नाही, लक्षण दिसलं की आधी साखर घ्यायची. चहाचे तीन सपाट चमचे साखर अर्धा कप पाण्यात ढवळून प्यायची. ती साधारण पंधरा ग्रॅम होते. पंधरा मिनिटं थांबायचं. बरं वाटलं नाही किंवा आकडा ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. बरं वाटल्यावर भाकरी किंवा जेवण, नाहीतर तासाभरात पुन्हा उतरते. पेढा, चॉकलेट, बिस्किटं पहिल्यांदा नकोत. त्यातल्या तूप-चरबीमुळे साखर सावकाश चढते, आणि आपल्याकडे वेळ नसतो. माणूस शुद्धीवर नसेल, गिळत नसेल, तर तोंडात साखर, पाणी, मध, काहीही घालायचं नाही, ते श्वासनळीत जातं. कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा. हा भाग सुनेकडून वेगळा वदवून घेतला. ती वेळ आली तर मावशींना बोलता येणार नाही.

शिकवलेलं उतरलं की नाही, हे ‘कळलं का?’ विचारून समजत नाही. प्रश्न असा विचारायचा: ‘मावशी, दुपारी दोन वाजलेत, तुम्ही रानात आहात, अंगाला दरदरून घाम सुटलाय. आता काय करणार?’ मावशींचं पहिलं उत्तर होतं, ‘सावलीत बसून पाणी पिईन.’ उन्हाळ्यात कष्ट करणाऱ्या बाईचं हे अगदी बरोबर शहाणपण, आणि इथे नेमकं धोक्याचं. इतके दिवस शिकवूनही ते तसंच आत होतं. मग ठरलं, सावलीत बसायचंच, पण पाण्यात आधी पुडी सोडायची. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा, तेव्हा हात कमरेच्या पिशवीकडे गेला. वहीत त्याची नोंद अशी होते: कोणता प्रश्न, पहिलं उत्तर काय, पुन्हा शिकवल्यावर काय. ‘आरोग्य शिक्षण दिले’ एवढीच नोंद असेल तर पुढच्या पाळीच्या सिस्टरला त्यातून काहीच कळत नाही.

एक छोटी गोष्ट बहुतेक योजनांत राहून जाते. बऱ्याच दिवसांची चढलेली साखर भराभर खाली आली की काही आठवडे नजर धूसर होते, चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा वाटतो. पेशंटला वाटतं इन्सुलिनने डोळे गेले, आणि तो सुई बंद करतो. आधीच सांगून ठेवायचं: नवा चष्मा दोन महिने तरी करू नका, आणि तोवर रेघ सुनेने बघायची. अचानक एका डोळ्यापुढे काळं आलं किंवा जाळं तरंगू लागलं, तर मात्र थांबायचं नाही.

घरी साखर तपासण्याचं वेळापत्रकही पेशंटला परवडेल असं हवं, पट्ट्या महाग असतात. मावशींना रोज दोन तपासण्या, पहिले दोन आठवडे. सकाळी उपाशीपोटी, कारण तो आकडा रात्रीच्या डोसचा निकाल आहे. संध्याकाळी जेवणाआधी, कारण तो सकाळच्या डोसचा. हे समजलं की आकडे वहीत लिहायला अर्थ येतो. एकदाही ७० च्या खाली गेली तर त्याच दिवशी फोन. लागोपाठ दोन वेळा ३०० च्या वर, तरी फोन. उलट्या होताहेत, जेवण जात नाही, तर सुई आपल्या मनाने बंद करायची नाही आणि नेहमीचा डोसही डोळे झाकून घ्यायचा नाही. लगेच फोन, फोन लागला नाही तर दवाखाना. ताप, जखमेला वास, काळी पडणारी कडा, तर फोन न करता यायचंच. एक डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही.

पहिला फोन सिस्टरकडून जायचा असतो, तिसऱ्या दिवशी, आणि पहिली भेट आठवड्याच्या आत. यामागे कारण आहे. १८ आणि १० हे आकडे चिघळलेल्या जखमेच्या काळात, खाटेवर पडलेल्या माणसासाठी ठरले. जंतुसंसर्ग असताना शरीराला इन्सुलिन जास्त लागतं. जखम सुधारली, चालणं-फिरणं सुरू झालं, जेवण घरचं आणि मोजकं झालं, की तोच डोस जास्त पडू लागतो. म्हणजे पेशंट बरा होत जातो तसा धोका वाढत जातो. ‘इन्सुलिन लागलं म्हणजे कायमचं’ अशी भीती मावशींना होती. तिलाही उत्तर इथेच आहे: संसर्ग गेल्यावर डोस कमी होतो, काहींचं बंदही होतं, पण ते डॉक्टर वहीतले आकडे बघून ठरवतात.

तिसऱ्या दिवशीच्या फोनवर सिस्टरने ‘बरं आहे ना?’ विचारलं नाही. सुनेला वही उघडायला सांगितली. सकाळचे आकडे १३२, १०४, ७६. संध्याकाळचे १८८, १६१, १४९. ‘काल रात्री घाम आला होता?’ मावशी मागून म्हणाल्या, ‘पहाटे झंपर ओला होता, पण उकाडा आहे ना.’ रात्रीचा डोस त्याच दुपारी डॉक्टरांनी १० वरून ८ केला. सुनेने कागदावरच्या चंद्रापुढचा १० खोडून ८ युनिट लिहिलं, आकडा फोनवर परत म्हणून दाखवला आणि झोपताना कपभर दूध घ्यायचं ठरलं. सिस्टरने वहीत तारीख टाकली आणि पुढचा फोन दोन दिवसांनी लावायचा असं लिहिलं.